पंचायतीचं पान बंद पडलं, आता अर्ज कुणी आणि कसा करायचा?

*मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. समाजमाध्यमावर पंचायतीचं सूचनांचं पान मीच चालवते. पाणी कधी सुटणार, लसीकरण कधी, घरपट्टीची मुदत, ग्रामसभा, सगळं त्यावर असतं. गेल्या आठवड्यात कोंडवाड्यातल्या दोन बेवारस जनावरांच्या लिलावाची सूचना फोटोसकट टाकली आणि दुसऱ्या दिवशी पानच दिसेना. ‘नियमांचं उल्लंघन’ एवढाच निरोप आला. फेरतपासणी मागितली, तर काही मिनिटांत ‘निर्णय कायम’. सरपंच म्हणतात, विरोधी पॅनेलने रिपोर्ट मारले. भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामपंचायत अधिकारी, म्हणतात, तू टाकलंस, तूच निस्तर, आणि लेखी खुलासा दे. ग्रामसभा तोंडावर आहे, नोटीस कशी पोहोचवू? नवीन पान काढू का? तुमच्या वाचकांनी मोठ्या संख्येने मागणी केली तर दबाव येईल असं वाटतं. आम्हाला पाठबळ द्या.*

ताई, पाठबळ देते, पण वाचकांच्या सह्यांचं नाही. ते का, हे पुढे येईलच. आधी ग्रामसभेचं बोलू, कारण मुदत तिथे संपतेय, पानाला अजून वेळ आहे.

समाजमाध्यमावरचं पान ही ग्रामसभेची कायदेशीर नोटीस कधीच नव्हती. साध्या ग्रामसभेची नोटीस ७ दिवस आधी द्यायची, ती पंचायतीच्या फलकावर आणि गावातल्या ठरलेल्या जागांवर लावायची आणि दवंडी द्यायची, ही रीत नियमांतच आहे. पान असो वा नसो, तेवढं झालं की नोटीस झाली. उलट फलक कोरा आणि पानावर सूचना झळकतेय, अशी वेळ असती तर कुणीही उठून ग्रामसभेवर हरकत घेतली असती. तेव्हा आज पहिलं काम म्हणजे नोटिशीवर सही-शिक्का घेऊन ती फलकावर लावा, तारखेसकट फोटो काढा, दवंडी दिल्याची नोंद ठेवा. घंटागाडीला स्पीकर असेल तर त्यावर दोन दिवस सकाळी सूचना वाजू द्या. पानावर वाचणारे बहुतेक लोक कचरा टाकायला दारात येतातच. वॉर्डांचे व्हॉट्सॲप गट असतील तर फलकाचाच फोटो तिथे टाका, मजकूर नव्याने टाइप करू नका. दोन ठिकाणी दोन तारखा लिहिल्या गेल्या की नवंच भांडण उभं राहतं.

लिलावाचंही तसंच आहे. कोंडवाड्याचा व्यवहार अजून १८७१ च्या कॅटल ट्रेसपास कायद्याच्या चौकटीत चालतो. जनावर ७ दिवसांत कुणी सोडवून नेलं नाही तर जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला कळवायचं. मग जनावरांचं वर्णन, ती कुठे सापडली आणि कुठे ठेवली आहेत हे सांगणारी नोटीस लावायची, गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी द्यायची, आणि त्यानंतर ७ दिवसांतही कुणी आलं नाही तर जाहीर लिलाव. हा कागद तुमच्याकडे पूर्ण असेल तर पान बंद झाल्याने लिलाव अडत नाही. आणि हाच कागद पान परत मिळवताना तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरणार आहे, म्हणून ती नस्ती आत्ताच बाहेर काढून ठेवा.

आता विरोधी पॅनेलकडे वळू. सरपंचांचा संशय मी खोटा म्हणत नाही. गावात पॅनेलं कशी असतात हे मला माहीत आहे. पण किती जणांनी रिपोर्ट केलं यावर मजकूर काढला जात नाही, असं फेसबुकसारखी माध्यमं स्वतःच सांगतात. रिपोर्टमुळे मजकूर तपासणीला जातो, तो काढायचा की नाही हे त्यांच्या नियमांवरून ठरतं. आणि तुमच्या सूचनेत नियमाला अडकण्यासारखं बरंच होतं. जिवंत जनावरांच्या खरेदी-विक्रीवर मोठ्या माध्यमांवर निर्बंध असतात. दोन जनावरांचे फोटो, बोलीची रक्कम, अनामत, तारीख आणि संपर्काचा मोबाइल नंबर हे एकत्र आलं की ते तपासणाऱ्या यंत्रणेला बाजारातल्या विक्रीच्या जाहिरातीसारखंच दिसतं. ‘बेवारस’, ‘कोंडवाडा’, ‘जाहीर लिलाव’ या शब्दांवरून आपल्याला लगेच कळतं की हा सरकारी व्यवहार आहे. मजकूर चाळणाऱ्याला ते कळेलच असं नाही. तक्रारीत तुम्ही ‘विरोधकांनी कट केला’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, कारण कट त्याला तपासता येत नाही. ‘ही खासगी विक्री नव्हती, कायद्याने करावा लागणारा लिलाव होता, हा त्याचा कागद’ असं लिहिलंत तर त्याला निर्णय बदलायला कारण मिळतं. कुणी रिपोर्ट केलं याचा शोध सरपंचांना घेऊ द्या. तुमच्या अर्जात तो नको.

अर्जाआधी मात्र एक गोष्ट नीट बघा, कारण इथे बरेच जण चुकीच्या दारावर थाप मारत राहतात. नेमकं काय बंद झालंय? घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवरून, तुमचं लॉगिन नसताना, पान उघडून बघा. ते उघडलं आणि जुन्या सूचना दिसल्या तर पान शाबूत आहे. अडचण तुमच्या वैयक्तिक खात्याला आहे आणि पानापर्यंत पोहोचायचा तुमचा रस्ता तेवढा बंद झालाय. अशा वेळी पानासाठी अर्ज करून उपयोग नाही, खात्यासाठी करायचा. कुणालाच पान दिसत नसेल तर ते अप्रकाशित केलंय किंवा काढलंय. आणि पान दिसतंय, तुम्हाला आतही जाता येतंय, पण नवी सूचना टाकता येत नाही, तर तो ठरावीक दिवसांचा निर्बंध असू शकतो. त्याची शेवटची तारीख निरोपातच लिहिलेली असते आणि ती जवळ असेल तर थांबणंच शहाणपणाचं. फेसबुकवर पान असेल तर पानाच्या सेटिंगमध्ये `Page status` या नावाखाली ही माहिती आणि कारण दिसतं. तुमच्या पत्रातल्या माध्यमाचं नाव मी मुद्दाम छापत नाही. फेसबुकचे शब्द देतेय कारण कितीतरी पंचायतींची पानं तिथे असतात.

त्या जागेवर जे कारण लिहिलंय ते अक्षरशः उतरवून घ्या आणि पडद्याचा स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ दिसेल असा. तुम्ही मला ‘नियमांचं उल्लंघन’ एवढंच कळवलंय. त्याच्या खाली एखादी ओळ बहुधा असतेच, कुठल्या गटातलं उल्लंघन हे सांगणारी. ती ओळ जनावरांबद्दल असेल तर तुमचा मुद्दा सरळ आहे. ती खोट्या ओळखीबद्दल किंवा नावाबद्दल असेल, तर लिलावाचा काही संबंधच नाही आणि आपण दुसरंच बोलायला हवं.

हे दुसरं म्हणजे काय, ते सांगते. कितीतरी पंचायतींचं ‘पान’ हे पान नसतंच. पाच-सात वर्षांपूर्वी कुणीतरी ‘ग्रामपंचायत अमुक’ या नावाने माणसासारखं खातं उघडलेलं असतं, त्याला जन्मतारीख दिलेली असते आणि गावकऱ्यांना मित्र म्हणून जोडलेलं असतं. वैयक्तिक खातं माणसाच्या खऱ्या नावाने असलं पाहिजे, संस्थेच्या नावाने नाही, असा फेसबुकचा नियम आहे. तसं खातं बंद झालं तर ते परत मिळणं अवघड असतं, कारण कारवाई चुकीची आहे असं म्हणायला फारशी जागा उरत नाही. ओळख सांगा म्हटल्यावर ग्रामपंचायतीचं आधार कार्ड कुठून आणणार? तुम्हाला लोक ‘फॉलो’ करत होते की ‘फ्रेंड’ होते, यावरून चटकन कळेल. फ्रेंड असतील तर परत मिळवण्याच्या खटपटीत आठवडे घालवू नका. नीट, खरं पान काढा आणि फलकावर त्याचा पत्ता लावा.

तुमच्या पत्रावरून ते खरं पानच असावं, असं धरून पुढे जाते.

फेरतपासणीचं उत्तर काही मिनिटांत आलं म्हणजे ते माणसाने वाचलं असण्याची शक्यता कमी. पण तो शेवटचा शब्द नव्हे. भारतात २०२१ पासून माहिती तंत्रज्ञानाचे जे मध्यस्थांसाठीचे नियम लागू आहेत, त्यांत प्रत्येक माध्यमाने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आणि त्याचं नाव, संपर्क आणि तक्रारीची पद्धत संकेतस्थळावर आणि ॲपवर ठळक जागी द्यायची, असं बंधन आहे. ज्या माध्यमाचे भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते आहेत, त्याचा हा अधिकारी भारतात राहणारा असला पाहिजे. तक्रार आल्याची पोच २४ तासांत द्यायची, आणि निकालासाठी २०२१ च्या मूळ नियमांनी जास्तीत जास्त १५ दिवस दिले होते. शिवाय एवढ्या मोठ्या माध्यमाने स्वतःहून मजकूर काढला तर वापरकर्त्याला कारण कळवायचं आणि म्हणणं मांडायची पुरेशी संधी द्यायची, हेही त्याच नियमांतल्या चौथ्या नियमात आहे. ॲपमधलं बटण आणि हा अधिकारी ही दोन वेगळी दारं आहेत. बटण दाबून काही झालं नाही की लोक हात टेकतात, आणि दुसरं दार तसंच राहतं.

या दारावर कुणी जायचं? तुम्ही नाही, पंचायतीने. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार ग्रामपंचायत ही स्वतः एक कायदेशीर संस्था आहे, तिच्या नावाने दावा लावता येतो आणि तिच्यावरही लावता येतो. सरपंच बदलतील, परिचालक बदलतील, पंचायत तीच राहते. म्हणून अर्ज पंचायतीच्या लेटरहेडवर, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या सहीने, गोल शिक्क्यासह आणि जावक क्रमांक टाकून जाऊ द्या. मासिक सभेचा ठराव हवा असं कुणी म्हणालं तर त्यासाठी थांबू नका. आज पत्र पाठवा आणि पुढच्या सभेत कार्योत्तर मंजुरी घ्या. तुम्ही तुमच्या खासगी मेलवरून, ‘मी परिचालक आहे, कृपया आमचं पान सुरू करा’ असं पाठवलंत तर समोरच्याला हे पान पंचायतीचं आहे हे कळायला काहीच मार्ग नाही. गावाच्या नावाने पान काढणारे हौशी लोक भरपूर असतात, आणि तुमचा अर्ज त्यांच्या रांगेत जाऊन पडतो.

मजकूर साधारण असा ठेवा, आणि यापेक्षा लांबवू नका:

“ग्रामपंचायत ……, तालुका ……, जिल्हा …… ही महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ खालील स्थानिक स्वराज्य संस्था आहे. संस्थेचे सूचना पान (पत्ता ……) दिनांक …… रोजी बंद करण्यात आले. कारण म्हणून ‘……’ असे दाखविण्यात आले (स्क्रीनशॉट सोबत). दिनांक …… ची संबंधित नोंद ही खासगी विक्रीची जाहिरात नसून, कोंडवाड्यातील बेवारस जनावरांच्या कॅटल ट्रेसपास कायदा, १८७१ नुसार करावयाच्या जाहीर लिलावाची सूचना होती. त्या सूचनेची फलकावरील सही-शिक्क्याची प्रत व पोलीस ठाण्यास दिलेले पत्र सोबत जोडले आहे. दिनांक …… रोजी फेरतपासणी मागितली असता ती नाकारण्यात आली, परंतु कारण देण्यात आलेले नाही. सदर पान पूर्ववत सुरू करावे. सदर नोंद आपल्या नियमांत बसत नसल्यास केवळ ती नोंद वगळून उर्वरित पान सुरू करावे. दोन्ही शक्य नसल्यास कोणत्या नियमातील कोणत्या तरतुदीचा भंग झाला हे लेखी कळवावे.”

शेवटच्या तीन वाक्यांकडे लक्ष द्या, अर्जाचं वजन तिथे आहे. पहिली मागणी पूर्ण आहे. दुसरी त्यांना तडजोडीची वाट देते: एक नोंद गेली तरी चालेल, बाकीच्या सूचनांचं पान गावाला हवंय. एका नोंदीसाठी अख्खं पान बंद करणं जास्तीचं आहे, हा मुद्दा त्यातून न भांडता मांडला जातो. तिसरी मागणी पुढच्या पायरीसाठी आहे. कारण लेखी आलं तर त्यावर अपील करता येतं, आणि मागूनही दिलं नाही तर तेच अपिलात दाखवता येतं.

पत्र मराठीत असू द्या, सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. हायस्कूलमधल्या इंग्रजीच्या बाईंना एक तास मागा, त्या करून देतील. फलकावरच्या नोटिशीचं भाषांतरही जोडा, नाहीतर पुरावा म्हणून दिलेला कागद समोरच्याला वाचताच यायचा नाही. आणि जनावरांचे फोटो परत जोडू नका. वाटतं की काय झालं होतं ते दाखवावं, पण ज्यावरून गैरसमज झाला तेच पुन्हा पुढे कशाला ठेवायचं?

अर्ज पाठवायच्या आधी एक संध्याकाळ काढून, पानावर पूर्वी काय काय टाकलंय ते आठवा. पान बंद असलं तरी मोबाइलमधले फोटो आणि संगणकातल्या फाइली असतीलच. घरकुलाची यादी, पेन्शनची यादी, अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी जशीच्या तशी स्कॅन करून टाकली होती का? त्यांत लाभार्थ्यांचे आधार क्रमांक किंवा बँक खात्याचे आकडे दिसत होते का? ही सवय फार ठिकाणी आहे आणि ती खरोखर घातक आहे. आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायला आधार कायद्याच्या कलम २९ नेच मनाई आहे, माध्यमाचा नियम त्यानंतर येतो. तपासणारा माणूस तुमच्या अर्जामुळे अख्खं पान बघायला बसला आणि त्याला अशी यादी दिसली, तर लिलावाच्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर असूनही पान बंदच राहील. अशी नोंद होती असं आठवलं, तर पान परत मिळताच ती काढू असं अर्जातच एका ओळीत लिहा. लपवून फायदा नाही.

तक्रार अधिकाऱ्याचा नकार आला किंवा त्याने मुदतीत उत्तरच दिलं नाही, तर पुढची पायरी सरकारी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि तक्रार अपील समित्या आल्या. जानेवारी २०२३ मध्ये अशा तीन समित्या नेमल्या गेल्या आणि मार्चपासून त्यांचं काम सुरू झालं. मुळात माध्यमांकडे केलेल्या तक्रारींना उत्तरच मिळत नाही किंवा धड मिळत नाही, म्हणूनच ही सोय केली असं सरकारने तेव्हा सांगितलं होतं. तक्रार अधिकाऱ्याचं उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत `gac.gov.in` वर अपील करायचं. सगळं ऑनलाइन चालतं, मुंबई-दिल्लीला खेटे नाहीत. समितीने ३० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करायचा असतो आणि तिचा आदेश माध्यमाला पाळावा लागतो. पण आधी तक्रार अधिकाऱ्याकडे गेल्याशिवाय इथे येता येत नाही. म्हणून आजच्या अर्जाची पोच, तिचा क्रमांक आणि तारीख जपा. तो मेल परिचालकाच्या खासगी खात्यात पडून राहू नये, त्याची प्रिंट काढून नस्तीला लावा. आज तक्रार केलीत, ती फेटाळली गेली आणि अपिलात जावं लागलं, तर सगळं मिळून दोन-अडीच महिने जाऊ शकतात. तोवर पान नाही असंच धरून गावाचा कारभार चालवा, आणि ते सरपंचांना आजच सांगा.

सह्यांबद्दल आता. वाचकांनी एकाच वेळी शेकडो तक्रारी केल्या तर तक्रार अधिकाऱ्यापुढे एकसारख्या मजकुराचा ढीग पडतो आणि पंचायतीचा खरा अर्ज त्या ढिगात हरवतो. तक्रार ज्याचं पान गेलं त्याची असते, पाहुण्यांची नाही. मला वाचकांकडून एकच अपेक्षा आहे: ज्यांच्या गावात असं पान आहे त्यांनी ते कुणाच्या खात्यावर आहे, हे जाऊन विचारावं.

नवीन पान काढायचा मोह आवरा. त्याच नावाचं, त्याच मजकुराचं दुसरं पान निर्बंध चालू असताना काढलं की ते बंदी चुकवण्याचा प्रयत्न म्हणून धरलं जाऊ शकतं, आणि मग पहिल्या पानाची बाजूही लंगडी पडते. लोकांचाही गोंधळ होतो, पंचायतीचं खरं कुठलं हेच कळेनासं होतं. अपिलाचा निकाल लागेपर्यंत व्हॉट्सॲप गट आणि फलक यांवर भागवा.

आणि सावध राहा. पान बंद पडल्याचं गावात कळलं की चार दिवसांत कुणीतरी भेटेल, ‘माझी कंपनीत ओळख आहे, पाच हजारांत सुरू करून देतो’ म्हणणारा. किंवा इनबॉक्समध्ये अधिकृत दिसणारं चिन्ह लावून निरोप येईल की २४ तासांत या लिंकवर पासवर्ड टाका, नाहीतर पान कायमचं जाईल. तक्रार अधिकारी पैसे मागत नाही, पासवर्डही मागत नाही आणि ओटीपी तर नाहीच. कुणी आधीच फसला असेल तर लगेच १९३० वर फोन करायचा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवायची. पैसे दिल्यानंतर जितका उशीर, तितके ते परत मिळण्याची शक्यता कमी.

खुलाशाची बाब राहिली, आणि मला वाटतं तुम्हाला झोप येत नसेल तर ती पानापेक्षा यामुळे. कंत्राटी माणसाकडून लेखी खुलासा मागितला की पोटात गोळा येणारच. पण भाऊसाहेबांना तुम्ही गुन्हा कबूल केल्याचा कागद देऊ नका आणि भांडणाचाही नको. घडलं ते तारखेने लिहा. लिलावाची सूचना कुणाच्या सहीची होती, ती फलकावर कधी लागली, पानावर टाकायला कुणी सांगितलं, पान कधी बंद दिसलं, तुम्ही कुणाला कधी कळवलं. सूचनेवर सही भाऊसाहेबांची असेल, आणि ती असणारच, तर तुम्ही त्यांच्याच सहीचा कागद जसाच्या तसा पानावर टाकलात, एवढं एक वाक्य पुरे. दोष कुणाचा हे लिहू नका, ते वाचणाऱ्याला दिसेल. शेवटी अर्जाचा मसुदा जोडून ‘सहीसाठी सादर’ असं लिहा. मग कागद त्यांच्या टेबलावर जातो आणि सही कधी होते याची तारीख त्यांच्या नावावर चढते. खुलाशाची पोच घ्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. भाऊसाहेब वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. त्यांनाही गटविकास अधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागणार, आणि तुमच्या कागदामुळे त्यांचंच उत्तर सोपं होईल.

पान परत आलं तर त्याच आठवड्यात त्याची चावी एकट्याकडे राहणार नाही एवढं करून घ्या. आज ते तुमच्या एकट्याच्या खात्यावर आहे. तुमचं खातं हॅक झालं किंवा तुम्ही नोकरी सोडलीत, तर पंचायतीकडे काहीच उरत नाही. फेसबुकवर पानाचा पूर्ण ताबा एकाहून अधिक जणांना देता येतो, तिथे त्याला `Full control` म्हणतात. तो ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आणि तुम्हाला असू द्या. सरपंचांना सूचना टाकण्यापुरता अधिकार दिला तर पुरतो, निवडणुकीनंतर तो काढणंही सोपं जातं. हे त्यांना कसं सांगायचं ते तुम्हीच बघा. पानाशी जोडलेला मोबाइल नंबर पंचायतीच्या नावावरच्या सिमचा असावा आणि लॉगिनला दुहेरी पडताळणी चालू असावी. मग भाऊसाहेबांची बदली होईल तेव्हा चार्ज यादीत दप्तर, शिक्के, चेकबुक यांच्या खाली आणखी एक ओळ लिहायची: सूचना पान, त्याचा पत्ता, ताबा कोणाकोणाकडे, जोडलेला नंबर कोणता. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांची सही त्या ओळीपुढेही हवी.